दहा गावं, पंचवीस रुग्ण आणि एक मंडप : टीबी शिबिराच्या खर्चाचा हिशेब

एका ट्रस्टला आदिवासी पट्ट्यातल्या दहा गावांत टीबीचं तपासणी शिबिर घ्यायचं आहे. अडीच-तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत, वेळ पडली तर आणखी दीड-दोन लाख मिळतील. अध्यक्षांच्या डोक्यात चित्र पक्कं आहे: शाळेच्या पटांगणात मंडप, माइकवर सूचना, जिल्ह्याहून आलेले डॉक्टर, दुपारी सगळ्यांना जेवण. प्रश्न एवढाच की सापडणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे किती खर्च येईल, आणि तोच पैसा वेगळ्या पद्धतीने वापरला तर जास्त रुग्ण सापडतील का.

आधीच सांगतो, हे प्रकरण मी घडवलेलं आहे. गावं, ट्रस्ट आणि दर कागदावरचे आहेत. दर अंदाजे धरलेत, ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यातले घालून हिशेब पुन्हा करावा. जे टक्के राष्ट्रीय सर्वेक्षणातले आहेत, तिथे तसं म्हटलं आहे.

दहा गावांत मिळून १५ वर्षांवरची माणसं ८,००० धरू. त्यांत टीबीचे किती असतील? २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत फुप्फुसाचा, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला टीबी लाखाला ३१६ एवढा आढळला. त्या मापाने ८,००० मागे २५ रुग्ण निघतात. प्रत्यक्ष गावात हा आकडा १० असेल किंवा ४० असेल, पण हिशेबाला कुठेतरी पाय टेकवावा लागतो.

याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट शिबिराचा आराखडा ठरवते. सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्क्यांना सर्वेक्षणाच्या यादीतलं एकही लक्षण नव्हतं. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. छातीचा एक्स-रे काढला म्हणूनच ते सापडले. म्हणजे आपल्या २५ पैकी ११ जणांना “दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?” असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे नाही म्हणतील.

पहिला आराखडा : मंडप

दहा गावं, दहा दिवस, रोज एक गाव. दिवसाला गाडी आणि डिझेल ३,५००, डॉक्टरांचं मानधन ४,०००, दोन परिचारिकांचे २,५००, मंडप-माइक-जेवण-छपाई मिळून ४,०००. एकूण १४,०००. अध्यक्ष म्हणतात, डॉक्टर आपलेच आहेत, पैसे घेणार नाहीत. तरीही ते ४,००० हिशेबात धरायचे. तो डॉक्टर त्या दिवशी आपली ओपीडी सोडून येतो, तिथे बघितले असते ते रुग्ण बघायचे राहून जातात. शिवाय पुढच्या वर्षी तो आला नाही तर खर्च अचानक वाढल्यासारखा दिसेल, प्रत्यक्षात तो यंदाही होताच, फक्त दिसत नव्हता.

दहा दिवसांचे झाले १ लाख ४० हजार. दिवसाला २०० माणसं आली तर एकूण २,०००, म्हणजे गावातल्या चौघांपैकी एक. त्यांना लक्षणं विचारली, शंभरात आठ जणांना काही ना काही निघालं. हे झाले १६० संशयित. त्यांच्याकडून बेडक्याचा नमुना घ्यायचा आणि ट्रूनॅट या टीबीचे जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर लावायचा.

इथे जरा थांबायला हवं, कारण शिबिराच्या कागदावर “नमुना घेतला” एवढंच लिहितात. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. दुपारी दोन वाजता मंडपात, शेजारी सासू उभी असताना, बाई डबीत थुंकते ती लाळ असते. ती पातळ, पाण्यासारखी आणि वर फेसाळलेली दिसते. बेडका दाट, चिकट, कधी पिवळसर असतो. नर्सने डबी उजेडाकडे धरून बघितली आणि दुसरी डबी देऊन “उद्या सकाळी आण” म्हटलं तर काही परत येतात, काही येत नाहीत. म्हणून १६० पैकी कामाचे नमुने १२०, म्हणजे ७५ टक्के धरले. एका चाचणीचा चिप, डबी, वाहतूक, तंत्रज्ञाचा वेळ असा एकूण खर्च ९०० रुपये. चाचण्यांचे १ लाख ८ हजार. सगळे मिळून २ लाख ४८ हजार.

आता रुग्ण. आलेले २,००० लोक गावासारखेच असतील, तर त्यांत ६.२५ रुग्ण. त्यांतल्या लक्षणं असलेल्या ५७ टक्क्यांपर्यंतच हे शिबिर पोचतं, म्हणजे ३.५६. त्यातल्या ७५ टक्क्यांचा नमुना मिळाला आणि चाचणीने शंभरातले ८० पकडले, तर हाती लागतात २.१४. एका रुग्णामागे खर्च सुमारे १ लाख १६ हजार रुपये.

हा आकडा ऐकून अध्यक्ष गप्प होतात. टीबीच्या औषधांचा खर्चही यात नाही, हा फक्त शोधण्याचा. पण आकडा मोठा का आला हे बघितलं तर त्यात मंडपाचा दोष थोडाच आहे. साखळीतल्या प्रत्येक कडीला गळती आहे: २५ मधले सहाच मंडपात आले, त्यातले साडेतीन लक्षणांनी ओळखू आले, त्यातला एक नमुन्यात हरवला, उरलेल्यांतला थोडा चाचणीत. पैसे कुठे टाकायचे ते यातली सर्वांत मोठी गळती कोणती यावरून ठरतं. ती गळती पहिल्याच कडीत आहे, मंडपाच्या बाहेर.

दुसरा आराखडा : मंडपात एक्स-रे

लक्षणं नसलेले सुटतात, तर एक्स-रे आणा, हा सर्वांना सुचणारा उपाय. हातात धरून वापरायचं एक्स-रे यंत्र आता मिळतं, बॅटरीवर चालतं, शाळेच्या वर्गातही लावता येतं. यंत्र आणि प्रतिमा टिपणारा फलक मिळून २० लाख धरू.

हे २० लाख एका शिबिरावर टाकले तर हिशेब हास्यास्पद होतो, आणि “यंत्र दान मिळालंय” म्हणून शून्य धरले तर खोटा होतो. पाच वर्षांचं आयुष्य आणि ३ टक्के व्याज धरलं की वर्षाचा भार सुमारे ४ लाख ३७ हजार येतो. वर्षात १५० दिवस यंत्र बाहेर पडलं तर दिवसाचे २,९००. ४० दिवसच पडलं, तर दिवसाचे जवळजवळ ११ हजार. अनेक ठिकाणी अशी यंत्रं कुलूपबंद खोलीत असतात, कारण तंत्रज्ञ नाही किंवा अणुऊर्जा नियामक परिषदेची नोंदणी अडकलेली असते. म्हणून यंत्र वर्षात किती दिवस चालणार, हे विचारल्याशिवाय एक्स-रेचा दर कोणी सांगू नये.

इथे १५० दिवस धरून यंत्राचे २,९००, दुरुस्तीचे ६०० आणि तंत्रज्ञाचे २,००० असे रोजचे ५,५०० वाढले. दहा दिवसांचे ५५ हजार. प्रत्येक फोटो डॉक्टरांनी बघण्याचे २० रुपये, म्हणजे ४० हजार. लक्षणं नसताना एक्स-रेवर डाग दिसणारे शंभरात पाच धरले तर आणखी १०० संशयित. त्यांच्याकडून नमुना मिळणं अधिक अवघड, कारण खोकलाच नसलेला माणूस बेडका आणणार कुठून? त्यांचे ६० टक्केच नमुने धरले. एकूण १८० चाचण्या, १ लाख ६२ हजार. सगळं मिळून ३ लाख ९७ हजार.

रुग्णांत भर पडते ती लक्षणं नसलेल्यांची. २.६९ पैकी डॉक्टरांच्या नजरेने ९० टक्के पकडले, ६० टक्क्यांनी नमुना दिला, चाचणीने ८० टक्के दाखवले: १.१६ रुग्ण. एकूण ३.३०. एका रुग्णामागे १ लाख २० हजार.

१ लाख १६ हजार आणि १ लाख २० हजार. बहुतेक अहवाल इथेच थांबतात आणि म्हणतात, फरक नाममात्र आहे, एक्स-रे घ्या. पण सरासरी ही इथे भलतीच फसवी आहे. ट्रस्टसमोरचा खरा प्रश्न असा असतो: मंडप तर होणारच आहे, त्यावर एक्स-रेचे वरचे १ लाख ४९ हजार टाकले तर काय मिळतं? मिळतात १.१६ रुग्ण. म्हणजे एका जादा रुग्णामागे १ लाख २८ हजार. सरासरीच्या पोटात पहिल्या दोन रुग्णांचा स्वस्तपणा मिसळल्यामुळे हा आकडा दडून राहतो.

तिसरा आराखडा : आधी यादी, मग एक्स-रे

तिसऱ्या पद्धतीत मंडप नाही. पंधरा दिवस आधी आशाताई घरोघर जातात आणि धोका जास्त असलेल्यांची यादी करतात: घरात गेल्या दोन वर्षांत टीबीचा रुग्ण होता, स्वतःला पाच वर्षांत टीबी होऊन गेला, वय साठच्या वर, मधुमेह, वजन उंचीच्या मानाने फार कमी, बिडी-तंबाखू ओढणारे, नियमित दारू घेणारे. २०२४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या टीबीच्या १०० दिवसांच्या मोहिमेतही साधारण याच गटांवर भर होता.

सुमारे २,६५० घरं, घरामागे १५ रुपये, म्हणजे ४० हजार. यादीत ८,००० पैकी २,८०० नावं येतात असं धरलं. हे ३५ टक्के झाले. कुपोषण आणि बिडी दोन्ही असलेल्या भागात हे प्रमाण याहून वाढू शकतं, तेव्हा यादी निम्म्या गावाची होते आणि तिचा अर्थच संपतो. म्हणून मी आशाताईंना सांगेन, वजन डोळ्यांनी ठरवू नका, वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन जा.

या २,८०० मध्ये गावातल्या २५ पैकी १५ रुग्ण असतील, असं गृहीत धरलं. सगळा हिशेब या एका गृहीतावर उभा आहे, त्याकडे पुन्हा येऊच. लोकांना वेळेचं टोकन द्यायचं. जागा उपकेंद्र किंवा ग्रामपंचायतीची पडवी, वेळ संध्याकाळी पाच ते नऊ. २,८०० पैकी २,००० आले, तर त्यांत १०.७ रुग्ण.

दिवसाचा खर्च मंडप-जेवण आणि गावातला डॉक्टर वजा होऊन, पण छपाई तशीच राहून ७,५००, त्यावर एक्स-रेचे ५,५००, मिळून १३,०००. दहा दिवसांचे १ लाख ३० हजार. फोटो बघण्याचे ४० हजार. या गटात संशयित जास्त निघणार: लक्षणांचे २४०, फक्त डागाचे १६०. नमुने अनुक्रमे १८० आणि ९६, चाचण्यांचे २ लाख ४८ हजार. एकूण ४ लाख ५८ हजार. रुग्ण ५.६५. एका रुग्णामागे सुमारे ८१ हजार.

तिन्ही एकत्र ठेवले की असं दिसतं:

| आराखडा | एकूण खर्च | सापडणारे रुग्ण | एका रुग्णामागे |
|---|---|---|---|
| मंडप, फक्त लक्षणं | २.४८ लाख | २.१४ | १.१६ लाख |
| मंडप आणि एक्स-रे | ३.९७ लाख | ३.३० | १.२० लाख |
| यादी आणि एक्स-रे | ४.५८ लाख | ५.६५ | ०.८१ लाख |

तिसऱ्याचा एकूण खर्च सर्वांत जास्त आहे आणि रुग्णामागचा सर्वांत कमी. अर्थसंकल्प बघणारा खजिनदार पहिली ओळ निवडेल, हिशेब बघणारा तिसरी. पण मला जास्त रस मधल्या ओळीत आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला वरचे ६१ हजार लागतात आणि २.३५ रुग्ण जास्त मिळतात, म्हणजे जादा रुग्ण २६ हजारांना. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जादा रुग्ण १ लाख २८ हजारांना पडला होता. महाग पायरीनंतर लगेच स्वस्त पायरी असेल, तर मधल्या पायरीवर थांबण्यात शहाणपणा नाही. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेलो तर जादा रुग्ण सुमारे ६० हजारांना मिळतो. म्हणजे “मंडप आणि एक्स-रे” हा पर्याय पैसे कमी असोत की जास्त, यादीतूनच काढून टाकायचा. आणि गंमत अशी की देणगीदारांना दाखवायला सर्वांत उठून दिसणारा फोटो याच पर्यायाचा निघतो.

आता गृहीतं खरवडून बघू

यादीत १५ रुग्ण असतात, हे कोणी सांगितलं? कोणीच नाही, मी धरलं. मग उलट विचारायचं: यादीत किमान किती रुग्ण असले तर तिसरा आराखडा पहिल्याच्या खाली राहतो? ४ लाख ५८ हजारांना १ लाख १६ हजारांनी भागलं तर ३.९५ रुग्ण लागतात. ते मिळायला आलेल्यांत साडेसात आणि यादीत साडेदहा रुग्ण हवेत. म्हणजे ३५ टक्के लोकांच्या यादीत २५ पैकी ४२ टक्के रुग्ण बसले तरी पुरे. घरातले संपर्क, पूर्वीचे रुग्ण आणि म्हातारी माणसं यांच्यात टीबी सरासरीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ही अट फार जड नाही. तरी यादी घाईने, एका जागी बसून, मतदार यादीवर खुणा करत बनवली, तर ती अटही पूर्ण होणार नाही, आणि मग रुग्णामागचा खर्च १ लाख ३९ हजारांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा तिसरा आराखडा सर्वांत महाग ठरेल.

इथे एक योगायोग बघण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण लोकसंख्येत सरसकट तपासणी तिथे करावी, जिथे टीबीचं प्रमाण लाखाला ५०० किंवा जास्त आहे. आपल्या गावाचं ३१६, म्हणजे त्या रेषेखाली. यादीतल्या गटाचं २,८०० मागे १५, म्हणजे लाखाला ५३६. यादी करणं म्हणजे रेषेखालच्या गावातून रेषेवरचा तुकडा कापून काढणं.

यंत्र वर्षाला ४० दिवसच चाललं तर? दहा दिवसांना ८० हजार वाढतील, रुग्णामागचा खर्च ९५ हजार होईल. पहिल्यापेक्षा अजूनही कमी. या गृहीतावर निर्णय फिरत नाही, त्यामुळे त्यावर भांडत बसायला नको.

मंडपात येणारे लोक गावासारखेच असतात, हे गृहीत मात्र पहिल्या दोन आराखड्यांना झुकतं माप देतं. सकाळी दहा ते दुपारी तीन मंडपात कोण असतं? गुडघे दुखणाऱ्या आज्या, लहान मूल कडेवर घेतलेल्या बाया, चष्म्यासाठी आलेले आजोबा, आणि बीपीची गोळी फुकट मिळते म्हणून आलेले जुनेच रुग्ण. टीबीचं प्रमाण पुरुषांत जास्त असतं आणि कामावर जाणारा पुरुष त्या वेळी वीटभट्टीवर, जंगलात किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यात असतो. दिवाळीनंतर शिबिर ठेवलं तर अर्धं गाव नसतंच. मंडपातल्या लोकांत टीबीचं प्रमाण गावापेक्षा कमी भरलं तर १ लाख १६ हजार हा आकडाही कमीच पडेल.

“सापडला” म्हणजे काय

खर्च भागिले रुग्ण या भागाकारात जास्त फसवणूक खालच्या आकड्यात होते. तिथे तीन जागी बघावं लागतं.

पहिली, खोटे पॉझिटिव्ह. चाचणी शंभर निरोगी नमुन्यांत एखादा चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं धरलं, तर मंडपातल्या १२० चाचण्यांत १.२ खोटे निघतील. खरे २.१४. अहवालात मात्र “पॉझिटिव्ह ३.३” असं लागतं आणि रुग्णामागचा खर्च १ लाख १६ हजारांवरून ७५ हजारांच्या आसपास उतरतो. प्रत्येक तिसरा पॉझिटिव्ह खोटा असताना शिबिर स्वस्त दिसतं! त्या माणसाला मात्र सहा महिने औषधं घ्यावी लागतात आणि घरात ताट वेगळं होतं ते आणखी वेगळं. उपाय साधा आहे: लक्षण किरकोळ, एक्स-रे स्वच्छ आणि चाचणी पॉझिटिव्ह, असा माणूस दिसला की दुसरा नमुना घेऊन पुन्हा चाचणी. शिबिरामागे असे तीन-चार असतील, खर्च तीन-साडेतीन हजार.

दुसरी, आधीच माहीत असलेले. गावात दोघं आधीपासून उपचारावर असतील, तेही मंडपात येतात, नमुना देतात, पॉझिटिव्ह निघू शकतात. शिबिराच्या आदल्या दिवशी टीबी रुग्णांची सरकारी नोंद असलेल्या निक्षय पोर्टलवरून त्या गावांची नावं काढून नोंदणीच्या टेबलावर ठेवली की हा घोळ मिटतो. उपचार पर्यवेक्षक ती यादी देतो, त्याला फोन करायचा एवढंच.

तिसरी, सापडले पण उपचार सुरू झाले नाहीत. मंडपातला निकाल दोन दिवसांनी येतो, तेव्हा मंडप दुसऱ्या गावात असतो. दिलेला मोबाइल नंबर शेजाऱ्याचा किंवा चार्ज नसलेला. यादीच्या पद्धतीत आशाताईला घर माहीत असतं, म्हणून उपचार सुरू होण्याचं प्रमाण मंडपात ८० टक्के आणि यादीत ९० टक्के धरलं, तर उपचारावर आलेल्या एका रुग्णामागे खर्च अनुक्रमे १ लाख ४५ हजार आणि ९० हजार होतो. अंतर वाढलं. मी ट्रस्टला हाच आकडा दाखवायला सांगेन.

मग रुग्णांचा स्वतःचा खर्च. तो ट्रस्टच्या वहीत कधीच येत नाही. मंडपात आलेल्या २,००० पैकी निम्म्यांनी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवली असं धरू. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता, म्हणजे अर्ध्या दिवसाचे दीडशे. हजार माणसांचे दीड लाख. ट्रस्टच्या अडीच लाखांच्या शिबिरावर गावाने दीड लाख घातले, आणि रुग्णामागचा समाजाचा खर्च १ लाख ८६ हजारांवर गेला. संध्याकाळी पाचनंतरच्या टोकनने हा खर्च बराचसा वाचतो. कर्मचाऱ्यांना रात्रीचा भत्ता द्यावा लागला तरी तो दिवसाला हजार-दीड हजारांच्या पुढे जाणार नाही.

आणि नशीब

शिबिर झाल्यावर त्याचाच निकाल घेऊन “आमच्या पद्धतीत रुग्णामागे एवढा खर्च आला” असं सांगणारे अहवाल मला पटत नाहीत, त्याचं कारण हे. सरासरी २.१४ रुग्ण अपेक्षित असलेल्या मंडपात कधी चार सापडतील, कधी एक. एकही न सापडण्याची शक्यता साधारण बारा टक्के, म्हणजे आठ शिबिरांत एक. त्या एका शिबिराचा रुग्णामागचा खर्च अनंत येईल आणि पुढच्या वर्षी ते बंद होईल. चार सापडलेल्या शिबिराचा खर्च ६२ हजार दिसेल आणि त्याला पुरस्कार मिळेल. दोन्ही शिबिरं तीच, आराखडा तोच, कर्मचारी तेच. यादीच्या पद्धतीत एकही न सापडण्याची शक्यता हजारात तीन-चार एवढीच. छोट्या शिबिरांची तुलना करायची तर सापडलेल्या रुग्णांवरून करण्यापेक्षा साखळीतल्या मधल्या आकड्यांवरून करावी: किती आले, त्यांत पुरुष किती, संशयित किती, त्यांतले किती नमुने खरे बेडक्याचे होते. हे आकडे शेकड्यांत असतात, नशिबाने फार हलत नाहीत.

अध्यक्षांना मंडपाचं दुःख आहेच. त्यांचा मुद्दाही अगदीच चुकीचा नाही: यादीबाहेर दहा रुग्ण राहतात, त्यांच्यासाठी काय? त्या दहांना मंडपातून शोधलं तर ते प्रत्येकी लाखाच्या वरच पडतील, हे त्यांना वहीवर दाखवलं. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत खोकल्याने आलेल्या प्रत्येकाचा नमुना लागतो की नाही ते बघणं स्वस्त. सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के कुठेच दाखवायला गेले नव्हते. जे उरलेले गेले होते, त्यांना निदान खोकल्याचं औषध देऊन परत पाठवू नये.

शेवटी ठरलं ते असं. यादीची पद्धत घ्यायची, पण दहाही गावं एकदम नाही. पहिल्या तीन गावांत सहाशे लोक होतील, तिथे थांबून तीन गोष्टी वहीत बघायच्या. टोकन दिलेल्यांपैकी सत्तर टक्के आले का. लक्षणं असलेल्यांचे शंभरात पंचाहत्तर नमुने बेडक्याचे होते का, की नर्सने रांग संपवायला लाळच पुढे सरकवली. आणि यादीतल्या शंभर जणांत संशयित वीस निघतात का. ते आठ-दहाच निघत असतील तर यादी घरी बसून झाली आहे, आणि चौथ्या गावात जायच्या आधी वजनकाटा कोणत्या आशाताईकडे आहे ते विचारायचं.